दोन चुलत भावांचं अ‍ॅप: अर्धं-अर्धं म्हणजे नक्की किती?

मोठीताई

माझा सख्खा भाऊ आणि चुलत भाऊ यांनी मिळून एक अ‍ॅप काढलंय, ते बऱ्यापैकी चालतंय, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. घरात मी थोरली, शिवाय कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते, म्हणून "ताई ठरवेल ते" असं दोघांनीही वेगवेगळं येऊन सांगितलंय. ठरवायचं काय आणि कशावरून, यासाठी हा धागा. अ‍ॅपचं नाव देत नाही. भावांना इथे सोनू (माझा सख्खा) आणि पप्पू (काकांचा) म्हणते.

काकांचा अशोक चौकाच्या मागे गणवेश शिवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घराचा खालचा मजला आणि चौदा मशिनी. मजुरी नगावर. एकजण कॉलर लावतो, एकजण बाही, एक बाई फक्त काज-बटण, आणि शनिवारी हिशेब. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या सीझनला शनिवारी रात्री अकरापर्यंत वह्या चालायच्या आणि तरी भांडणं व्हायची. सोनू कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून घरून काम करतो. लॉकडाऊननंतर कधीतरी त्यानं काकांसाठी म्हणून हे मजुरीचं अ‍ॅप लिहायला घेतलं. पप्पू काकांच्या हाताखाली कारखाना बघतो, त्यानं मजुरीचे सगळे नियम सांगितले आणि नंतर शेजारपाजारच्या कारखान्यांत जाऊन अ‍ॅप विकलं. आता सत्तर कारखाने वापरतात, महिन्याला ३०० रुपये देतात.

सुरुवातीला काय ठरलं होतं? कागदावर काही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सोनूचा एक मेसेज आहे: "चाललं तर अर्धं अर्धं बे." त्याखाली पप्पूचा अंगठा. एवढाच करार.

भांडणाला दोन निमित्तं झाली. एक, सोनूच्या जुन्या कॉलेजनं त्याला बोलावलं आणि त्याच्या पहिल्याच स्लाइडवर होतं, "मी बनवलेलं अ‍ॅप". पप्पूच्या मित्रानं फोटो पाठवला. दुसरं, पैसे. प्ले स्टोअरचं खातं सोनूच्या नावावर, त्यामुळे तिकडून भरलेले पैसे सोनूच्या बँकेत येतात. जे मालक "ते फोनवर कार्ड-बिर्ड नको, तूच घेऊन जा" म्हणतात, त्यांचे पप्पूच्या यूपीआयवर. जुलैत पप्पूनं मोजलं: प्लेवर चाळीस कारखाने, म्हणजे बारा हजार. सोनूच्या पासबुकात जुलैत आले ७,९०५. "चार हजार गेले कुठे?" हे त्यानं काकूंसमोर विचारलं, आणि काकूंनी माझ्या आईला.

सोनूचं म्हणणं, कोड सगळा माझा, याला एक ओळ लिहिता येत नाही, अर्धं देतोय हेच खूप. पप्पूचं म्हणणं, मी नसतो तर ते अ‍ॅप सोनूच्या लॅपटॉपमध्येच राहिलं असतं.

कुणाचं किती, हे मोजायची काही रीत आहे का?

---

शेंगाचटणी

"चाललं तर अर्धं अर्धं बे". हा सोलापुरातला सर्वात मोठा कायदेशीर दस्तऐवज आहे ताई, लॅमिनेट करून ठेवा. आमच्या गल्लीत तर नुसता अंगठा दाखवूनच दुकानं निघालीत.

वाचालालोय, पुढं बोला.

---

गिटगिट्या

मोजायची रीत आहे आणि सोपी आहे. कोड गिटवर, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमवर, असेल तर सोनूला हे चालवायला सांगा:

```
git shortlog -sn --all
```

कुणाच्या नावावर किती कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, आहेत ते सरळ दिसेल. मी स्वतः पुण्यात तीन जणांच्या टीममध्ये असताना आम्ही असंच केलं होतं, वाद मिटला. कोड ज्याचा, कॉपीराइट त्याचा. कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हे साहित्यकृतीसारखं धरतात. नुसती आयडिया देणाऱ्याला काही मिळत नाही. पप्पूला कमिशन द्या, विकलेल्या प्रत्येक कारखान्यामागे काही टक्के, आणि मोकळे व्हा.

---

मागवाला

ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. आमच्याकडे तीन भावांत टॉवेलचे माग होते, अक्कलकोट रोडला. वडील गेल्यावर थोरल्यानं मशिनरी घेतली, मधल्यानं जागा, आणि मला म्हणाले तू गिऱ्हाईक घे. गिऱ्हाईक काय घरी नेता येतं का? सहा महिन्यांत सगळी पार्टी थोरल्याकडे गेली, कारण माल त्याच्याकडे. वाटणीपत्र करताना जागेचा सात-बारा, लाइटचं मीटर कुणाच्या नावावर ते आधी बघा. वडिलोपार्जित असेल तर बहिणींचाही हिस्सा येतो, तुम्हीसुद्धा सही केल्याशिवाय राहू नका.

---

मोठीताई

@मागवाला, वडिलोपार्जित काही नाही हो यात, अ‍ॅप आहे. पण "गिऱ्हाईक काय घरी नेता येतं का" हे पप्पूला वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प बसला.

@गिटगिट्या, सोनूनं चालवलं, अगदी आनंदानं:

```
   412  sonu
     9  pappu
```

पप्पूला गिट येत नाही, ते नऊ सोनूनंच एकदा शिकवताना त्याच्याकडून करून घेतलेत. म्हणजे तुमच्या हिशेबानं पप्पूचा हिस्सा दोन टक्के?

---

पायरीवरचा वकील

जरा थांबा. इथे तीन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरल्या जातायत: नाव कुणाचं, मालकी कुणाची, आणि नफा कुणाचा. कायदा तिघांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी देतो.

नफ्यापासून सुरू करतो, कारण तिथे लोकांचा सर्वात मोठा गैरसमज असतो. दोघं मिळून धंदा करतात आणि नफा वाटून घ्यायचं ठरलंय, तर ती भागीदारी होऊ शकते. १९३२ च्या भागीदारी कायद्याला लेखी करार लागतोच असं नाही, तोंडी चालतो. कोर्ट दोघं प्रत्यक्षात कसे वागले ते बघतं, आणि तो अंगठ्याचा मेसेज पुरावा म्हणून वाईट नाही. भागीदारी धरली, तर कलम १३ म्हणतं की वेगळं काही ठरलं नसेल तर नफा समसमान, आणि धंद्यात राबल्याबद्दल कुठल्याही भागीदाराला वेगळा पगार मागता येत नाही. म्हणजे सोनूचे ४१२ आणि पप्पूचे ९, किंवा पप्पूच्या फेऱ्या आणि सोनूच्या रात्री, यांचा हिश्शाशी आपोआप संबंधच येत नाही. कोण जास्त राबलं हे मोजून पैसे हवे असतील तर ते आधी आपसांत ठरवावं लागतं. न ठरवल्यास अर्धं-अर्धं, तोट्यासकट.

मालकीचं तसं नाही. कोडचा पहिला मालक ज्यानं लिहिला तो, इथपर्यंत गिटगिट्या बरोबर आहेत. कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर १९५७ च्या कायद्याचं कलम १९ लेखी आणि सही केलेलं मागतं, अंगठ्याच्या इमोजीवर ते निभेल असं मी अशिलाला सांगणार नाही. पण अ‍ॅप म्हणजे फक्त कोड नव्हे. आतला मजकूर, सूचना, चित्रं कुणी केली? ती पप्पूनं केली असतील तर त्यांचा लेखक पप्पू. आणि मूळ कोड भागीदारीसाठीच लिहिला गेला म्हणून तो फर्मचा, असा युक्तिवाद पप्पूचा वकील नक्की करेल. त्यात किती दम आहे यावर मी आणि माझा सीनियरसुद्धा एकमत होणार नाही.

राहिलं नाव. लेखकाला आपलं नाव लावून घ्यायचा हक्क कलम ५७ मध्ये आहे, आणि कॉपीराइट विकून टाकला तरी तो त्याच्याकडेच राहतो. म्हणून "पैसे घे आणि नावाचं विसर" हा तोडगा मुळातच कच्चा. नाव आणि पैसे यांची अदलाबदल करायला जाऊ नका.

---

बारामाही

वकीलसाहेब, एक महत्त्वाचं राहिलं. फर्म नोंदवलेली नसेल तर महाराष्ट्रात कोर्टात हिशेबसुद्धा मागता येत नाही. माझ्या मेहुण्याला हेच सांगून परत पाठवलं होतं. तेव्हा पप्पूच्या हातात काही नाही, उगाच आशा लावू नका.

---

पायरीवरचा वकील

मेहुण्यांचं प्रकरण २००९ च्या आधीचं असणार. बिननोंदणीच्या फर्मला करारावरून दावा करता येत नाही, हे कलम ६९ चं सर्वसाधारण बंधन देशभर आहेच. पण भागीदारी मोडा आणि हिशेब द्या, एवढं मागायला मूळ कायद्यात सूट आहे. महाराष्ट्रानं १९८४ मध्ये दुरुस्ती करून ती सूट जवळजवळ काढून घेतली होती. ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली. म्हणजे आज पप्पू हिशेब मागू शकतो, फक्त त्यासाठी आधी भागीदारी मोडावी लागेल. भागीदारी चालू ठेवून भावाला कोर्टात खेचायचं असेल तर मात्र नोंदणी नाही ही अडचण येईल.

---

बारामाही

२००५ चंच होतं. धन्यवाद. मेहुण्याला सांगत नाही, आता उपयोग नाही आणि त्याला बीपी आहे.

---

मीच_तो_पप्पू

नमस्कार. मी पप्पू. ताईनंच लिंक दिली, तिला विचारूनच लिहितोय. भांडायला आलेलो नाही.

"एक ओळ लिहिता येत नाही" हे खरंय. पण कोड कशाचा लिहिला ते सांगतो. पहिलं व्हर्जन आलं तेव्हा एका बाईकडे पन्नास कॉलरचा गठ्ठा गेला. तपासनीसानं सहा आल्टरला परत टाकले. बाईनं दुरुस्त करून दिले, आणि अ‍ॅपनं ते सहा पुन्हा मोजले. शनिवारी तिची मजुरी छप्पन नगांची. वडिलांनी पैसे दिले, मग शेजारच्या मशिनवरची म्हणाली, मी पन्नासला पन्नास चांगले काढले तर मला कमी, आणि जिनं बिघडवले तिला जास्त? दोन दिवस मशिनी बंद. सोनूला मी सांगितलं की नग गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर मोजायचा, मशिनवरून किती वेळा गेला त्यावर नाही. आल्टर ज्याच्या हातून बिघडला त्याच्याकडेच परत जाणार, आणि तो नवा नग नाही. उचलीचंही तसंच. अ‍ॅप सगळी उचल एकाच शनिवारी कापायचं, बाईच्या हातात शून्य. वडिलांची पद्धत अशी की आठवड्याच्या मजुरीच्या पाव हिश्श्याच्या वर कापायचं नाही, उरलेली पुढे ढकलायची. हे कुठल्या पुस्तकात नाही.

आमच्याकडच्या अर्ध्याअधिक बायका घरी तेलुगू बोलतात. मजुरीची चिठ्ठी तेलुगूत वाचून दाखवणारा आवाज शेजारच्या अक्कांकडून मी रेकॉर्ड करून घेतला. त्यामुळे बायकांनीच दुसऱ्या कारखान्यांत सांगितलं, म्हणून ते मालक मला फोन करायला लागले. माझ्या नावावर गिटमध्ये नऊ आहेत, बरोबर आहे. हे कुठल्या कमिटमध्ये बसतं ते गिटगिट्या साहेबांनी सांगावं.

आणि पैशाचं. मला चार हजारांची हाव नाही. पण पासबुक एक सांगतं आणि प्लेवरचा आकडा दुसरं, मग माणूस काय समजणार?

---

शेंगाचटणी

आल्टरचा किस्सा वाचून आई म्हणाली, "बरोबर बोललाय तो पोरगा." आईनं वीस वर्षं कॉलर लावलीय. तुमच्या कोर्टाचं मला माहीत नाही, आमच्या स्वयंपाकघरातला निकाल लागला.

---

गिटगिट्या

पप्पू, मला साहेब म्हणू नका. आणि त्या चारशे बारामध्ये काय काय आहे ते पाहिल्याशिवाय आकडा मागायला नको होता, हे मान्य. कोडची नुसती मांडणी नीट करणारा फॉरमॅटर चालवून एका रात्रीत पाच हजार ओळी बदललेला कमिट आणि आल्टरचा नियम दुरुस्त करणारा चार ओळींचा कमिट, दोन्ही एकएकच मोजले जातात. `git blame -w` नं मोकळ्या जागेचे बदल वगळता येतात, पण शेवटी तो ओळ कुणी टाइप केली एवढंच सांगतो.

पुढच्यासाठी उपाय आहे. नियम पप्पूनं सांगितला आणि सोनूनं लिहिला, तर कमिटच्या मजकुराखाली एक रिकामी ओळ सोडून हे टाकायचं:

```
Co-authored-by: Pappu <pappu@example.com>
```

गिटहबवर मग दोघांची नावं दिसतात. `shortlog` मध्ये आपोआप येत नाहीत, त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो.

पण माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. नियम सांगणं म्हणजे कोड लिहिणं नव्हे. उद्या दुसऱ्या कुणी तोच आल्टरचा नियम स्वतःच्या कोडमध्ये लिहिला तर पप्पू त्याला थांबवू शकणार नाही.

---

पायरीवरचा वकील

थांबवू शकणार नाही, बरोबर. नियम, पद्धत, कल्पना यांवर कॉपीराइट नसतो, त्या ज्या शब्दांत किंवा कोडमध्ये उतरल्या त्यावर असतो. म्हणूनच पप्पूची खरी बाजू मालकीत नाही, नफ्यात आहे. त्यानं "अ‍ॅप माझंही आहे" असं भांडण्यापेक्षा "आपण भागीदार आहोत" एवढंच धरून बसावं. ताई, हे तुम्ही त्याला समजावून सांगाल तर निम्मं काम होईल.

---

जमाखर्च

इतका वेळ वाचत होतो. कायदा वकीलसाहेबांनी सांगितला, मी फक्त त्या चार हजारांच्या मागे लागतो.

पप्पूनं चाळीस गुणिले तीनशे केलं, बारा हजार. त्यातले १५ टक्के गूगल आपल्या सेवेचे कापून घेतं. महिन्याच्या वर्गणीला हाच दर, कंपनी लहान असो की मोठी. म्हणजे १,८०० गेले, राहिले १०,२००. आता दुसरी गोष्ट. गूगल एका महिन्याची विक्री पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या सुमारास पाठवतं. सोनूच्या पासबुकात जुलैत जे आलं ती जूनची विक्री. ताई, जूनमध्ये प्लेवर किती कारखाने होते?

---

मोठीताई

आत्ताच सोनूला विचारलं. एकतीस. सीझन संपल्यावर जुलैत नऊ वाढले.

---

जमाखर्च

मग एकतीस गुणिले तीनशे ९,३००, त्यातून पंधरा टक्के वजा, ७,९०५. पासबुकातला आकडा तोच. पप्पूच्या ४,०९५ पैकी १,८०० गूगलचे, आणि २,२९५ अजून यायचेत, ऑगस्टच्या मध्यावर येतील. चोरी कुठेच नाही. कराची कपात मी इथे धरलेली नाही, ती ताई ऑफिसात बघतीलच.

हा घोळ प्रत्येक वाढत्या धंद्यात होतो. पप्पूच्या यूपीआयवर पैसे त्याच दिवशी येतात, सोनूकडे पंधरा दिवस ते दीड महिन्यानं. गिऱ्हाईक वाढत असेल तर सोनू कायम मागे दिसणार, आणि गिऱ्हाईक घटायला लागलं की उलट, सोनूकडे जास्त दिसेल. तेव्हा पासबुकावर पासबुक ठेवून बघायचंच नाही, विक्रीचा महिना धरून मांडायचं.

जुलै महिना मांडतो, पटतं का बघा. प्लेकडून १०,२०० सोनूकडे येणार. थेट देणारे तीस कारखाने, ९,००० पप्पूकडे आलेत. एकूण १९,२००. आधी खर्च काढा. ताईंनी मला मेसेज करून सांगितलेले आकडे: सर्व्हर आणि मेसेजचा ३,२००, सोनू भरतो. पप्पूचं पेट्रोल १,५००. उरले १४,५००.

इथे थांबून अर्धं केलं तर कोण जास्त राबलं हा वाद पुन्हा निघेल. म्हणून कामाची मजुरी वेगळी काढा, अगदी काकांच्या कारखान्यासारखी. ताशी दर दोघांना एकच, समजा शंभर रुपये. जुलैत सोनूनं तीस तास दिले, पप्पूनं कारखान्यांत जाऊन चाळीस. सोनूचे ३,०००, पप्पूचे ४,०००. उरले ७,५००, ते मालक म्हणून अर्धे-अर्धे, ३,७५० प्रत्येकी.

म्हणजे सोनूचे ६,७५०, पप्पूचे ७,७५० आणि वर पेट्रोल १,५००, एकूण ९,२५०. आता हातात काय आहे बघा. सोनूकडे १०,२०० येऊन ३,२०० खर्च झाला, ७,००० राहिले. पप्पूकडे ९,००० आहेत.

सोनूनं पप्पूला २५० रुपये द्यायचे. संपला जुलै.

---

शेंगाचटणी

अडीचशे रुपयांसाठी दोन घरं बोलायची थांबली?? ताई, तेवढे मी देतो, वर चटणीचा डबा.

---

मागवाला

हिशेब छान आहे, पण ताशी दर दोघांना एकच कसा? सोनू बाहेर कंपनीचं काम करतो तिथे त्याला तासाला शंभराच्या कितीतरी पट मिळत असणार. आमच्याकडेही जॉबरला आणि कांडीवाल्याला एकच मजुरी नसते. याला तो राजी होईल?

---

जमाखर्च

प्रश्न रास्त आहे. दर दोघांचे वेगळे ठेवता येतात, पण मग पप्पूचा दरही गिऱ्हाईक आणणाऱ्या माणसाच्या बाजारभावानं लावावा लागेल. मी मुद्दाम दोघांना कमी आणि समान दर धरला, कारण मजुरी मोठी केली की नफ्याला काही उरत नाही आणि मग अर्ध्या-अर्ध्याला अर्थच राहत नाही. दोघांना पटेल तो आकडा घ्या, फक्त तो महिना सुरू व्हायच्या आधी ठरवा. तास कोण लिहिणार, खरे की खोटे, याला माझ्याकडे औषध नाही.

---

रेवती_हैद्राबादरोड

सगळे पैशाचं बोलताय. मला वाटतं त्या पोराला स्लाइड लागलीय. "मी बनवलेलं" ऐवजी "आम्ही" असतं तर त्यानं पासबुक बघितलंही नसतं. आमच्याकडे नणंदेनं रेसिपीची व्हिडिओ टाकली, मसाला माझ्या आईचा, नाव तिचं. पैसे एक रुपया नाही त्यात, तरी मी दिवाळीला गेले नाही.

---

गिटगिट्या

पासबुकाचा प्रश्न आजच सुटू शकतो. सोनूनं प्ले कन्सोलमध्ये पप्पूचा ईमेल युजर म्हणून टाकायचा आणि त्याला View financial data ची परवानगी द्यायची. पप्पू मग स्वतः विक्री बघेल, कुणाला विचारायला नको. अ‍ॅप बदलायची परवानगी द्यायची गरज नाही.

पण मोठा धोका दुसराच आहे. खातं सोनूच्या वैयक्तिक नावावर आहे. उद्या सोनू परदेशी गेला किंवा खातं काही कारणानं बंद पडलं तर सत्तर कारखान्यांचं काय? अ‍ॅप एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवता येतं. डाउनलोड, रेटिंग, वर्गणीदार सगळे बरोबर जातात, कारखान्यांना पुन्हा इन्स्टॉल करावं लागत नाही. नव्या खात्याची २५ डॉलर फी एकदाच भरायची. संस्थेच्या नावानं खातं हवं असेल तर फर्मचा D-U-N-S नंबर, म्हणजे धंद्याची ओळख पटवणारा नंबर, लागतो, तो काढायला वेळ जातो. आधी मिळालेले पैसे मात्र जुन्याच खात्याचे, ते मागे जाऊन बदलत नाहीत.

---

मोठीताई

काल रात्री दोघांना काकांकडे बसवलं. जमाखर्च यांचा हिशेब कागदावर काढून पुढे ठेवला. सोनूनं आधी कॅल्क्युलेटर घेतला, मग पप्पूनं घेतला. अडीचशेवर दोघं हसले, पण एकमेकांकडे बघून नाही.

ठरलं ते असं. महिन्याचा हिशेब विक्रीच्या महिन्यानं, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला, तोपर्यंत गूगलचे आलेले असतात. तासाचा दर दोघांना एकच, पण शंभर नव्हे दीडशे, हे सोनूनं मागितलं आणि पप्पूनं लगेच हो म्हटलं, त्याचे तास जास्त आहेत ना. सोनूनं तिथेच बसून पप्पूला कन्सोलची परवानगी दिली. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर आता "कोड: सोनू. मजुरीचे नियम, मजकूर आणि तेलुगू आवाजाची मांडणी: पप्पू" असं येणार आहे. अक्कांचंही नाव टाकायचं पप्पू म्हणाला. सोनूला ते सुचलं नव्हतं.

दोन गोष्टी अडल्यात. कोडचा हक्क फर्मच्या नावे लिहून द्यायला सोनू तयार नाही. त्याचं म्हणणं, पप्पू उद्या फर्ममधून उठला तर मी माझ्याच कोडसाठी त्याची सही मागत फिरू? पप्पू म्हणतो, आणि तू उठलास तर मी सत्तर मालकांना काय सांगू? दोघांचंही मला पटतं. आणि खातं फर्मच्या नावे करायचं तर फर्म लागते, म्हणून तेही तिथेच थांबलंय.

वकीलसाहेब, यात मधला रस्ता आहे का?

---

पायरीवरचा वकील

एक आहे. कोड सोनूकडेच राहू द्या, आणि त्यानं फर्मला तो वापरायचा, बदलायचा लेखी परवाना द्यावा, भागीदारी मोडली तरी तो सुरू राहील असं त्यात स्पष्ट लिहून. पप्पूनंही त्याच्या मजकुराचा तसाच द्यावा. मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. कायद्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

सोनू यालाही नाही म्हणाला तर मला कळवा, मग त्याला अडचण कोडची नाही असं समजेन.

---

मीच_तो_पप्पू

परवान्याचं सोनूला पाठवलं. "बघतो" म्हणाला. दीड महिन्यानंतर त्यानं मला पाठवलेला पहिला मेसेज हाच, "बघतो". त्यापाठोपाठ दुसरा आला, होटगी रोडच्या कारखान्यात आल्टरचा आकडा पुन्हा दुप्पट दिसतोय, जाऊन बघ म्हणून. उद्या सकाळी जातोय. तास लिहून ठेवीन.

---

शेंगाचटणी

पेट्रोलची पावती घे बे.